'सुंदर निसर्गदृश्य' लिहिलं की तेच ते चित्र का येतं, आणि आपल्याकडची ज्वारी चित्रात कशी आणायची

प्रश्न: आमचं सोलापुरात बी-बियाण्याचं दुकान आहे. यंदाच्या कॅलेंडरसाठी एआयवर चित्रं करतोय. `a beautiful landscape` लिहिलं की दर वेळी बर्फाचे डोंगर, तळं आणि नारिंगी आभाळ. `beautiful village landscape, Solapur` लिहिलं तर नारळ, भाताची खाचरं आणि झोपडी. आमच्याकडची ज्वारी काही येत नाही. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

'सुंदर' हे बघणाऱ्याचं मत आहे. मॉडेलला मत रंगवता येत नाही. त्याला माती, पान, ऊन, क्षितिज रंगवता येतं. तुम्ही मत लिहिलंत आणि वस्तू लिहिल्याच नाहीत, म्हणून वस्तू त्यानं स्वतःच्या साठ्यातून घेतल्या. त्या साठ्यात मंगळवेढ्याचं काळं रान जवळजवळ नाहीच.

हा साठा कसा भरला ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ही मॉडेलं इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्याशेजारी लिहिलेला मजकूर अशा जोड्यांवर शिकलेली असतात. २०२२ मध्ये आलेल्या स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलमागचा लायन-५बी हा संग्रह जवळपास ५८५ कोटी जोड्यांचा होता. आता विचार करा, इंटरनेटवर ज्या फोटोखाली 'ब्यूटिफुल लँडस्केप' असं लिहिलेलं असतं, तो कुठला असतो? मुख्यतः वॉलपेपरचा, पर्यटनाच्या जाहिरातीचा, पोस्टरचा. पुढे पाणी, मागे डोंगर, मधोमध मावळता सूर्य. आपल्या भागातला कुणी शेतकरी उभ्या ज्वारीचा फोटो काढतो तेव्हा त्याखाली हे शब्द लिहीत नाही, आणि बहुतेक वेळा काहीच लिहीत नाही. वर आणखी एक चाळण लागते. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्यांचं शेवटचं शिक्षण दिसायला 'छान' ठरलेल्या निवडक चित्रांवर झालं होतं, म्हणजे मॉडेलची आवड आधीच एका बाजूला झुकलेली आहे.

त्यात गायडन्सची भर पडते. मॉडेल चित्र तयार करताना प्रत्येक पायरीवर दोन अंदाज करतं, एक तुमचे शब्द धरून आणि एक शब्दांशिवाय. मग या दोहोंतला फरक काही पटीनं वाढवून त्या दिशेला चित्र ढकलतं. स्टेबल डिफ्यूजनमध्ये ही पट साधारण ७ ते ७.५ ठेवलेली असते. शब्द नेमके असतील तर त्या ढकलण्यानं चित्र तुमच्या जवळ येतं. शब्द मोघम असतील तर तेच ढकलणं चित्राला त्या शब्दाच्या सगळ्यात ठरीव रूपाकडे नेतं. म्हणून `stunning`, `masterpiece`, `8k` असे शब्द जोडत गेलं की चित्र आणखी चकचकीत होतं, पण वेगळं होत नाही. तीही मतंच आहेत, आणि त्याच वॉलपेपरखाली लिहिलेली मतं आहेत.

सोलापूरकराला हे जकार्ड मागावरून पटकन समजेल. चादरीवरची नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकटी भरून काढतात, त्यावरून कार्डाला भोकं पाडतात, आणि कुठल्या ओळीला कुठला उभा धागा वर जायचा ते त्या भोकावर ठरतं. 'मोर छान काढ' असं मागाला सांगता येत नाही, चौकटी भराव्याच लागतात. चित्राचंही तसंच आहे. क्षितिज किती उंचीवर, ऊन कुठून, माती ओली की कोरडी, पीक किती उंच, कॅमेरा कुठे, अशा पंचवीस-तीस चौकटी प्रत्येक चित्रात भरल्याच जातात. फरक एवढाच, की कार्ड अर्धवट असेल तर चादरीत खोट लगेच दिसते. मॉडेल मात्र रिकामी चौकट रिकामी ठेवत नाही. ते सगळ्यात जास्त खपलेला नमुना तिथे भरून मोकळं होतं, आणि चित्र वरवर पूर्ण दिसत असल्यामुळे आपण काय सांगायचं राहिलं ते कळत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रॉम्प्टमध्येही हेच झालं. `village` हा शब्द आला तेव्हा मॉडेलनं झोपडी काढली. `Solapur` या शब्दाबरोबरची चित्रं त्याच्याकडे इतकी थोडी आहेत, की त्यातून 'भारत' एवढाच अर्थ उरला, आणि इंटरनेटवरचं भारतातलं खेडं म्हटलं की बहुधा हिरवी खाचरं आणि नारळच येतात. एखाद्या गावाचं नाव मॉडेलला ठाऊक आहे का, हे तपासायची सोपी रीत आहे. सीड म्हणजे ज्या आकड्यावरून चित्राची सुरुवात होते तो क्रमांक. तो तोच ठेवून एकदा नावासकट आणि एकदा नावाशिवाय चित्र काढा. फरक पडला नाही किंवा चुकीचा पडला, तर ते नाव काढून टाका. ते फुकट जागा अडवतंय.

आता एकच पान घेऊ आणि ते पूर्ण करू. फेब्रुवारीचं पान, रब्बी ज्वारी.

कॉम्प्युटरपाशी बसण्याआधी कागदावर मराठीत लिहा, की या जागी उभं राहिल्यावर डोळ्याला काय दिसतं. पीक मालदांडी, पुरुषभर उंचीहून वर. ताटाच्या शेंड्याला एकच कणीस, उभं, भरलेलं, दाणा मोत्यासारखा पांढरट. खालची पानं वाळून पिवळी पडलेली, वरची अजून थोडी हिरवी. जमीन काळी, भारी. रब्बी ज्वारी मातीत मुरलेल्या ओलीवरच वाढते, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत त्या जमिनीला रुंद भेगा गेलेल्या असतात. रान सपाट, लांबवर बाभळी आणि कडुलिंबांची बारीक रेघ. सकाळचे आठ, ऊन अजून तिरपं. कॅमेरा उत्तरेला तोंड करून धरला तर ऊन उजवीकडून येईल. आभाळ फिकट, क्षितिजापाशी थोडं धुरकट.

एवढ्यानं निम्म्याहून जास्त काम होतं. उरलेलं काम म्हणजे यातला प्रत्येक शब्द मॉडेलच्या कानाला काय ऐकू जातो ते पाहणं, आणि खरी अडचण इथेच येते.

महिन्यापासून सुरुवात करा. `February` लिहू नका, `winter` तर अजिबात नको. मॉडेलनं पाहिलेला फेब्रुवारी मुख्यतः थंड देशांतला आहे. त्या शब्दानं निष्पर्ण झाडं, करडा उजेड, कधी कधी बर्फसुद्धा येतो. फेब्रुवारी हा शब्द तुमच्या कागदासाठी ठेवा, प्रॉम्प्टमध्ये फेब्रुवारीत दिसणारी पानं आणि भेगा लिहा. हेच पान जानेवारीचं, हुरड्याचं करायचं असेल तरी महिन्याचं नाव न लिहिता कणसाचा रंग हिरवट करा, पानं हिरवी करा आणि भेगा कमी करा.

मग पीक. एकट्या `sorghum` शब्दावर चार चित्रं काढून बघा. तीन प्रकारची चूक होऊ शकते. पहिली, ज्वारीऐवजी मका येतो. ओळखायची खूण अशी, की कणीस ताटाच्या बगलेतून, पानाच्या बेचक्यातून निघालेलं असतं. ज्वारीचं कणीस नेहमी शेंड्याला असतं. दुसरी, गव्हासारखी बारीक ओंबी किंवा गवताचा तुरा येतो. तिसरी चूक सगळ्यात फसवी आहे, कारण पीक ज्वारीच असतं, पण कमरेएवढं बुटकं आणि कणीस तांबूस-तपकिरी. ही अमेरिकेतली यंत्रानं कापायची ज्वारी. इंग्रजी मजकुराबरोबरचे ज्वारीचे फोटो बरेचसे तिथलेच असतात, त्यामुळे मॉडेल त्याच्या परीनं बरोबरच वागतंय. तुमच्या गिऱ्हाईकाला मात्र ते एका नजरेत परकं दिसेल.

यावर उपाय म्हणजे नावाला आकाराची जोड देणं. उंची माणसाच्या मापात सांगा, कारण मीटर आणि फूट मॉडेलला नीट कळत नाहीत. 'माणसाहून उंच' मात्र कळतं, तशी चित्रं त्यानं पाहिली आहेत. कणीस कुठे आहे, किती आहेत, उभं की लोंबतं, रंग कुठला, हे सांगा. `maldandi` लिहून काही उपयोग होत नाही. मालदांडीचं जे दिसतं ते लिहा.

मातीचं तसंच. `black soil` म्हटलं की कुंडीत भरायची भुसभुशीत, ओलसर माती येते, कारण त्या शब्दांचे फोटो बागकामाच्या दुकानांचे आहेत. आपली काळी माती उन्हात वाळल्यावर राखट-काळी दिसते आणि ढेकळं कोन पाडून फुटतात. म्हणून गडद करडी चिकणमाती, कोरडी, रुंद भेगा असलेली असं सांगा. भेगा सांगितल्या की आणखी एक धोका असतो. `cracked earth` एवढंच लिहिलं तर दुष्काळाच्या बातमीतलं भेगाळलेलं तळं येतं आणि पीकच नाहीसं होतं. भेगा 'पुढच्या मोकळ्या पट्ट्यात' आहेत हे सांगितलं तर त्या तिथेच राहतात.

बाभळीचं प्रकरण नुसतं गमतीचं नाही, नुकसानीचं आहे. `acacia` लिहिलं की आफ्रिकेतली सपाट, छत्रीसारखी झाडं येतात आणि क्षणात सोलापूरचं केनिया होतं. लांबवरची झाडं चित्रात बोटभरसुद्धा नसतील, तेव्हा जात सांगायचीच गरज नाही. लहान, गोल डोक्याची झाडं, लांब, विरळ रेघेत, एवढं पुरतं.

आणि ऊन. `sunrise`, `golden hour` हे शब्द नारिंगी आभाळ परत घेऊन येतात, ज्यापासून तुम्ही सुटायला बघताय. सूर्य चित्रात नको आहे, उजेड हवा आहे. म्हणून उजेडाची दिशा आणि आभाळाचा रंग सांगा.

हे सगळं एकत्र केल्यावर प्रॉम्प्ट असा होतो. स्टेबल डिफ्यूजनसारख्या मॉडेलला इंग्रजीच द्या. त्यातला मजकूर वाचणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला आहे, आणि देवनागरी अक्षरांचे त्याच्यापाशी नुसते तुकडे होतात. बोलून चित्र काढून देणाऱ्या नव्या साधनांना मराठी चालतं, पण तिथेही वर्णन याच पद्धतीचं लागतं.

```
Photograph at the edge of a field of tall ripe sorghum,
about 8 am, clear dry weather.
Stalks taller than a man, each ending in one upright,
compact, cream-white grain head; lower leaves straw-yellow.
Bare strip of dark grey clay in front, dry, with wide cracks.
Flat horizon, thin line of small round-crowned trees far away.
Low sun from the right, pale hazy sky.
Camera at chest height, nearest heads sharp.
```

यात एकही कौतुकाचा शब्द नाही हे बघा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून 'हे चित्रात आलंय का?' असं विचारता येतं आणि हो किंवा नाही असं उत्तर मिळतं. `beautiful` बद्दल असं विचारताच येत नाही. शब्द काम करतो की नाही, याची माझ्या मते हीच एक चाचणी पुरेशी आहे.

शेवटची कॅमेऱ्याची ओळ लोक विसरतात, आणि तीच नसेल तर बाकीच्या ओळी एकमेकींशी भांडतात. दाणेदार कणीस दिसायला हवं म्हणजे कॅमेरा जवळ हवा. सपाट रान आणि लांबची झाडं दिसायला हवीत म्हणजे कॅमेरा लांब हवा. कुठे उभं राहायचं ते सांगितलं नाही, तर मॉडेल बहुधा ड्रोनसारखं वरून बघतं, आणि कणसं नुसते पांढरे ठिपके होतात. छातीच्या उंचीवरून, बांधापाशी उभं राहून बघितलं तर जवळची चार-पाच कणसं स्पष्ट येतात आणि मागे रान पसरत जातं. माणूस शेताच्या कडेला उभा राहतो तेव्हा त्याला असंच दिसतं, म्हणून ते चित्र ओळखीचं वाटतं.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा. जुन्या स्टेबल डिफ्यूजनचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ तुकडेच घेतो, त्यातले दोन सुरुवात आणि शेवट दाखवायला जातात, म्हणजे तुमच्यासाठी ७५. एक इंग्रजी शब्द म्हणजे साधारण एक तुकडा, मोठा किंवा जोडलेला शब्द म्हणजे दोन-तीन, आणि स्वल्पविरामही मोजला जातो. वरचा प्रॉम्प्ट सत्तरेक शब्दांचा आहे, म्हणजे तुकडे ७५ च्या पुढे जातात. काही सॉफ्टवेअर उरलेला मजकूर दुसऱ्या खेपेत वाचतात, काही सरळ कापून टाकतात. कापला गेला तर शेवटच्या उजेडाच्या आणि नेमकी कॅमेऱ्याची अशा ओळी जातात, आणि कणसं का दिसत नाहीत म्हणून आपण पिकाचे शब्द बदलत बसतो. तुमचं साधन जुनं असेल तर कॅमेऱ्याची आणि उजेडाची ओळ वर आणा, वेळ व हवामानाची ओळ काढून टाका, उजेडाच्या ओळीत ती सांगितलेलीच आहे, आणि बाकीच्या ओळीही थोड्या आखूड करून सगळं ७५ च्या आत बसवा. नव्या मॉडेलांची मर्यादा बरीच मोठी असते, तिथे ही अडचण नाही.

आता जे नको आहे त्याबद्दल. `no mountains` असं प्रॉम्प्टमध्येच लिहिलं तर बऱ्याचदा डोंगर येतातच, कारण मजकूर वाचणाऱ्या भागाला नकार नीट कळत नाही, डोंगर हा शब्द कळतो. ज्या साधनात निगेटिव्ह प्रॉम्प्टची वेगळी चौकट आहे, तिथे नको असलेल्या वस्तू नुसत्या नावानं लिहा. `no` लावू नका.

```
corn cobs, wheat, mountains, lake, palm trees, orange sky, hut
```

मिडजर्नी या साधनात हेच काम `--no mountains, lake` असं शेवटी लिहून होतं. तिथे मॉडेलची स्वतःची आवडही कमी-जास्त करता येते. `--stylize` ची ठरलेली किंमत १०० असते, अशा कामाला ती ५० च्या खाली आणून बघा. नकाराची सोय नसलेल्या साधनात एकच मार्ग उरतो, आणि खरं तर तोच सगळ्यात भरवशाचा आहे: नको असलेल्या वस्तूची जागा हव्या असलेल्या वस्तूनं भरा. क्षितिजावर झाडांची रेघ सांगितली की डोंगराला जागाच उरत नाही. पुढे भेगाळ माती सांगितली की तळ्याला जागा उरत नाही.

पहिल्याच फटक्यात सगळं जमणार नाही, तेव्हा सुधारणा कशी करायची ते सांगतो. चार सीड ठरवा, समजा १०१ ते १०४. दर वेळी या चारही क्रमांकांवर चित्रं काढा. एका फेरीत एकच ओळ बदला. चारपैकी तीन चित्रांत बदल हवा तसा आला तर ओळ ठेवा, एकातच आला तर तो योगायोग समजा. सीड मोकळा सोडून शब्द बदलत राहिलात तर चित्र शब्दामुळे बदललं की नशिबानं, हे कधीच कळत नाही, आणि बहुतेकांचे तास इथेच वाया जातात. क्रम असा ठेवा: आधी पीक बरोबर येईपर्यंत फक्त पिकाच्या ओळी, मग माती, मग क्षितिज, शेवटी ऊन. उजेड आधी ठरवला आणि पीक नंतर बदललं, तर उजेड पुन्हा हलतो.

तपशील वाढवायलाही हद्द आहे. समजा तुम्हाला शेतात लाल लुगडं नेसलेली बाई, मचाणावर गोफण घेऊन पाखरं हाकणारा मुलगा, पांढरी बैलजोडी आणि विहीर असं सगळं हवंय. मग रंग गळायला लागतात. लुगड्याचा लाल कणसांवर जातो, बैलांचा पांढरा मुंडाशावर. मचाण झाडावर चढतं, गोफणीची दोरी हातात विरून जाते. एका चित्रात सहा-सात दिसणाऱ्या गोष्टी नीट सांभाळल्या जातात, त्यापुढे एक आली की दुसरी ढिली पडते. रंग नेहमी ज्याचा आहे त्या शब्दाला चिकटवून लिहा, वाक्याच्या शेवटी रंगांची यादी देऊ नका. मचाण हवंच असेल तर आधी शेत पक्कं करा. मग तेवढाच भाग निवडून तिथे नव्यानं रंगवायची सोय, म्हणजे इनपेंटिंग, वापरा आणि त्या तुकड्यासाठी वेगळा छोटा प्रॉम्प्ट द्या: चार खांबांवरचा साधा लाकडी माच, ताटांच्या वर डोकावणारा. `machan` लिहिलंत तर जंगलातलं शिकारीचं मचाण येण्याची शक्यता जास्त. आणि आकड्यांवर विसंबू नका, 'पाच पाखरं' सांगितलं तर चार येतील किंवा नऊ.

काही गोष्टी कितीही शब्द लिहून येणार नाहीत. तलावातलं सिद्धेश्वराचं मंदिर, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज हे त्या-त्या रूपातच खरे आहेत. मॉडेल त्यांच्यासारखं काहीतरी काढेल, शिखर कुठल्या तरी दुसऱ्या देवळाचं लावेल, आणि सोलापुरातल्या घरातल्या भिंतीवर ती चूक वर्षभर लटकेल. त्या पानांना खरा फोटो काढा. नान्नजचा माळढोकही तसाच. पक्षी बहुधा मानेच्या नाहीतर पायांच्या मापात चुकतो, आणि इतक्या दुर्मिळ पाखराचं चुकीचं चित्र छापू नये.

ज्वारीलाही फोटोचा आधार देता येतो. शब्दांनी कणीस जमतंय पण रानाची ठेवण जमत नाही असं झालं, तर बांधावरून मोबाइलनं साधा फोटो काढा आणि चित्रावरून चित्र करायच्या सोयीत तो द्या. तिथे डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ नावाची किंमत असते, ० म्हणजे फोटो जवळजवळ जसाच्या तसा, १ म्हणजे फोटो विसरून नवं चित्र. ०.३५ ते ०.५ मध्ये ठेवलं तर क्षितिज, पिकाची उंची आणि मातीचा पट्टा फोटोतून येतात, उजेड आणि पोत प्रॉम्प्टमधून. ०.६ च्या पुढे गेलात की कणसं पुन्हा मक्याकडे झुकायला लागतात. प्रॉम्प्ट इथेही वरचाच वापरा. फोटो दिला म्हणून नुसतं `beautiful farm` लिहिलं तर तीच नारिंगी झाक फोटोवर चढते.

छपाईचं एक सांगायला हवं, कारण कॅलेंडर आहे. एसडीएक्सएलसारखं मॉडेल आडव्या चित्राला साधारण १२१६ × ८३२ पिक्सेल देतं. ए३ पान ३०० डीपीआयला छापायचं तर लांब बाजूला ४९६१ पिक्सेल लागतात, म्हणजे चौपटीहून जास्त. मोठं करणारी साधनं मधले पिक्सेल अंदाजानं भरतात, आणि मघाचीच रिकाम्या चौकटीची अडचण इथे परत येते: कणसावरचे दाणे कधी फुलांच्या पाकळ्या होतात, कधी लोकरीसारखे पुंजके. मोठं करताना प्रॉम्प्ट मागणारं साधन असेल तर तिथे कणसाचीच ओळ द्या आणि स्ट्रेंग्थ ०.२ च्या आसपास ठेवा. मग पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पुढची चार-पाच कणसं एकेक तपासा. दाणे एकमेकांना लागून, गोल आणि देठाकडे घट्ट बसलेले दिसले तर फाइल छापखान्यात पाठवा. नाहीतर तेवढी कणसं निवडून पुन्हा रंगवून घ्या, बाकीच्या चित्राला हात लावू नका.